पाणी चढलं, मग उत्तर उतरलं कसं?

*सर, मी सहावीत आहे, घणसोलीला राहते. आम्हाला हे गणित दिलं होतं : सोसायटीच्या रिकाम्या टाकीत सकाळी टँकरने ५/१२ टाकी भरली, दुपारी नळाच्या पाण्याने आणखी ७/१८ भरली, तर एकूण किती टाकी भरली? मी १२/३० लिहिलं, ते चुकलं. मैत्रीण म्हणाली छेदांचा गुणाकार कर, तर १७४/२१६ आलं. त्याला बाईंनी अर्धाच गुण दिला आणि बाजूला ‘लसावि?’ असं लिहिलं. मला लसावि काढता येतो. पण तो काढल्यावर बेरजेत त्याचं काय करायचं आणि अंश कशाने गुणायचा तेच कळत नाही. आणि गुणाकार करूनही उत्तर येत असेल तर लसावि हवाच कशाला?*
*– एक विद्यार्थिनी, घणसोली*

आधी तुझं १२/३० घेऊ. ते चूक का आहे हे पटलं नाही, तर पुढचा लसावि म्हणजे नुसता पाठ करायचा नियम होऊन बसेल.

टाकी नऊ हजार लिटरची आहे असं धर. तिचे बारा सारखे भाग केले तर एकेक भाग ७५० लिटरचा. टँकरने असे पाच भाग भरले, म्हणजे ३,७५० लिटर. त्याच टाकीचे अठरा भाग केले तर एकेक भाग ५०० लिटरचा, आणि नळाने असे सात भाग भरले, म्हणजे ३,५०० लिटर. एकूण पाणी ७,२५० लिटर. आता तुझं उत्तर लिटरमध्ये बघ. नऊ हजाराचा तिसावा भाग ३०० लिटर, असे बारा भाग म्हणजे ३,६०० लिटर. टँकर निघून गेला तेव्हाच टाकीत ३,७५० लिटर होतं. मग दुपारी नळ सुरू केला आणि पाणी दीडशे लिटरने कमी झालं! वॉचमनकाका आधी टाकीला भोक शोधायला जातील.

हे या एकाच गणितात झालं असं समजू नकोस. दोन वेगळ्या किमतीचे अपूर्णांक घेतले आणि अंशात अंश, छेदात छेद मिळवला, तर येणारं उत्तर नेहमी त्या दोघांच्या मधे कुठेतरी पडतं. म्हणजे दोघांतल्या मोठ्यापेक्षा ते लहानच असणार, आणि बेरीज तर मोठ्यापेक्षाही मोठी यायला हवी. किंमत सारखी असेल तर गंमत आणखी उघडी पडते. अर्धा आणि अर्धा मिळवून पाहा : १/२ आणि १/२ चे होतील २/४, म्हणजे पुन्हा अर्धाच. असं उत्तर पकडायला लसावि लागत नाही. बेरीज करून झाली की ती दोन्ही अपूर्णांकांपेक्षा मोठी आहे ना, एवढं बघायचं.

आता तुझं डोकं तिकडे का गेलं, तेही सांगतो, कारण तशी बेरीज तू दुसरीकडे करतेस आणि तिथे ती अगदी बरोबर असते. एका चाचणीत १२ पैकी ५ गुण मिळाले, दुसरीत १८ पैकी ७, तर एकूण ३० पैकी १२. इथे खालचे आकडे मिळवणं योग्यच आहे, कारण पेपर दोन होते आणि दोन्ही मिळून ३० गुणांचे झाले. टाकी मात्र एकच आहे. तिचे बारा भाग केले काय आणि अठरा भाग केले काय, टाकी तेवढीच राहते. छेद फक्त एवढंच सांगतो की भाग केवढा आहे. तुझ्याकडे ‘बारावा भाग’ या मापाचे पाच तुकडे आहेत आणि ‘अठरावा भाग’ या मापाचे सात. दोन्ही मापं वेगळी असताना ‘पाच आणि सात बारा’ म्हटलं, तर बारा कसले, हे सांगताच येत नाही.

म्हणून बेरजेच्या आधी एक काम उरतं. असं एक छोटं माप शोधायचं, की ज्याने बारावा भागही पुरा मोजता येईल आणि अठरावा भागही.

हे कागदावर करून बघ. गणिताच्या चौकटींच्या वहीत सहा ओळी आणि सहा रकाने घेऊन एक मोठा चौरस आख. आत छत्तीस छोटे चौकोन आले. ही आपली टाकी. तिचा बारावा भाग म्हणजे किती चौकोन? बारा त्रिक छत्तीस, म्हणजे तीन. अठरावा भाग म्हणजे? अठरा दुणे छत्तीस, म्हणजे दोन. टँकरचे पाच भाग प्रत्येकी तीन चौकोनांचे, पाच त्रिक पंधरा. पंधरा चौकोन निळ्या पेन्सिलीने रंगव. नळाचे सात भाग प्रत्येकी दोन चौकोनांचे, सात दुणे चौदा. पुढचे चौदा हिरव्याने रंगव. रंगवलेले एकूण चौकोन एकोणतीस. छत्तीसपैकी एकोणतीस भरले, म्हणून उत्तर २९/३६. सात चौकोन कोरे राहिले, तेवढी टाकी अजून रिकामी आहे. नऊ हजार लिटरच्या हिशेबात एक चौकोन २५० लिटरचा, आणि एकोणतीस गुणिले २५० म्हणजे ७,२५०. मघाशी लिटरमध्ये आलेलं उत्तर जुळलं.

वहीत हेच असं लिहिलं जातं :

५/१२ = (५ × ३)/(१२ × ३) = १५/३६

७/१८ = (७ × २)/(१८ × २) = १४/३६

१५/३६ + १४/३६ = २९/३६

इथे पाचाला तिनाने का गुणलं, ते चौकोनांकडे बघून कळेल. प्रत्येक बाराव्या भागाचे आपण तीन तुकडे केले. टाकीत बारा भाग होते तिथे छत्तीस झाले, आणि भरलेले पाच होते तिथे पंधरा झाले. पाणी तेवढंच राहिलं, तुकडे बारीक झाले. म्हणून खाली ज्या संख्येने गुणलं त्याच संख्येने वरही गुणायचं.

तू ‘लसावि काढल्यावर काय करायचं’ असं विचारलंस, तिथेच बहुतेक मुलं अडतात. लसावि ३६ काढतात, दोन्हीकडे छेदात ३६ लिहितात आणि अंश तसेच ठेवून ५/३६ + ७/३६ = १२/३६ करून मोकळी होतात. छेद बदलला आणि अंश नाही बदलला, तर अपूर्णांकच दुसरा झाला. ५/१२ म्हणजे पंधरा चौकोन होते, ५/३६ म्हणजे फक्त पाच. दहा चौकोनांचं पाणी वहीतच सांडलं. हीही चूक मघाच्या तपासणीत सापडते, कारण १२/३६ म्हणजे एक तृतीयांश, आणि टँकरने एकट्याने त्याहून जास्त भरलं होतं.

आता छत्तीसच का, ते बघू. चोवीस चौकोन घेतले असते तर? बाराव्या भागाला दोन चौकोन बरोबर आले असते, पण अठराव्या भागाला एक पुरा चौकोन आणि वर चौकोनाचा तुकडा द्यावा लागला असता. जमलं नसतं. १२ ने आणि १८ ने, दोघांनीही पूर्ण भाग जाईल अशीच संख्या हवी. अशा संख्या ३६, ७२, १०८, १४४, १८०, २१६ अशा पुढे जात राहतात. यादीत २१६ दिसले का? ते तुझ्या मैत्रिणीचे. दोन छेदांचा गुणाकार या यादीत नेहमी असतोच, म्हणून तिची रीत चुकीची नाही, आणि १७४/२१६ हे उत्तरही चुकीचं नाही. दोघांना सहाने भागलंस तर २९/३६ च येतं. बाईंनी गुण कापला तो बहुधा उत्तर संक्षिप्त रूपात नाही म्हणून. माझ्या मते तिथे अर्ध्यापेक्षा जास्त द्यायला हरकत नव्हती, पण ते बाईंचं बाई बघतील.

मैत्रिणीच्या रीतीत तू केलेलं काम मात्र नीट पाहा. अठरा पंचे नव्वद, बारा साते चौऱ्याऐंशी, त्यांची बेरीज १७४, बारा गुणिले अठरा २१६. मग १७४ आणि २१६ या दोघांना कशाने भाग जातो ते शोधायचं. दोनने जातो, ८७/१०८. पुष्कळ मुलं इथे थांबतात, कारण ८७ बघून त्याला तिनाने भाग जातो हे चटकन लक्षात येत नाही. (८ आणि ७ पंधरा, म्हणून जातो.) जे सहा तू आधी विनाकारण गुणून आत घेतलेस, तेच शेवटी शोधून बाहेर काढावे लागतात. लसावि घेतला की ते सहा आत शिरतच नाहीत.

लसावि काढायचा कसा, ते तुला येतं म्हणतेस, म्हणून त्यावर फार थांबत नाही. छेद लहान असतील तर मी मोठ्या छेदाचा पाढा म्हणतो आणि प्रत्येक पायरीला लहान छेदाने भाग जातो का ते बघतो. अठरा एके अठरा, बाराने जात नाही. अठरा दुणे छत्तीस, जातो. झालं. पण तू शाळेत भागाकाराची उभी मांडणी शिकली असशील, तिच्याकडे आज जरा वेगळ्या नजरेने बघू. कारण अंश कशाने गुणायचा, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या मांडणीत आयतं लिहिलेलं असतं आणि कुणी तिकडे बघत नाही.

२ | १२, १८
३ | ६, ९
. | २, ३

डावीकडचे २ आणि ३, आणि तळाला उरलेले २ आणि ३. सगळ्यांचा गुणाकार २ × ३ × २ × ३ = ३६, हा लसावि. (नुसत्या डावीकडच्यांचा गुणाकार केलास तर ६ येतात. तो मसावि आहे. परीक्षेच्या घाईत मुलं तळाची ओळ विसरतात आणि छेदात ६ लिहितात. लसावि मोठ्या छेदापेक्षा लहान असूच शकत नाही, तेव्हा १८ पेक्षा लहान संख्या आली की हात थांबला पाहिजे.)

आता तळाची ओळ बघ. १२ च्या खाली २ उरले आहेत आणि १८ च्या खाली ३. आपण पाचाला, म्हणजे १२ वर बसलेल्या अंशाला, कशाने गुणलं होतं? तिनाने. आणि १८ वरच्या सातांना? दोनाने. म्हणजे तळाला जे उरलं, तेच गुणायला लागलं, फक्त अदलाबदल करून. १२ च्या खालचे २ गेले ७/१८ कडे, आणि १८ च्या खालचे ३ आले ५/१२ कडे.

हा योगायोग नाही. १२ म्हणजे ६ × २, आणि १८ म्हणजे ६ × ३. सहा दोघांकडेही आहेत. १२ कडे जे नाही ते १८ कडचे ३, आणि १८ कडे जे नाही ते १२ कडचे २. ज्याच्याकडे जे कमी आहे ते त्याला दुसऱ्याकडून मिळतं, आणि दोघेही ६ × २ × ३ वर येऊन बसतात. मैत्रिणीच्या रीतीत १२ ला अख्खे १८ मिळाले होते. त्यातले सहा त्याच्याकडे आधीपासून होतेच, त्याला फक्त तीन हवे होते.

आपल्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमाराला लिहिलेल्या ‘लीलावती’त समच्छेद करायच्या या दोन्ही रीती एकाच श्लोकात दिल्या आहेत. पहिल्या ओळीत तुझ्या मैत्रिणीची रीत आहे : एकमेकांच्या हराने, म्हणजे छेदाने, अंश आणि हर दोन्ही गुणावेत. दुसऱ्या ओळीत म्हटलं आहे की किंवा शहाण्याने दोन्ही हर आधी आपसात समान संख्येने भागून लहान करून घ्यावेत आणि मग त्यांनी गुणावं. ते लहान केलेले हर म्हणजेच आपल्या मांडणीच्या तळाचे २ आणि ३.

दोन छेदांत समान काहीच नसेल, तर या दोन रीतींत फरकच उरत नाही. ३/४ + २/५ घे. चार आणि पाच यांना एक सोडून कोणत्याच संख्येने दोघांनाही भाग जात नाही. लसावि वीस, गुणाकारही वीस. १५/२० + ८/२० = २३/२०, म्हणजे १ पूर्णांक ३/२०. इथे मैत्रिणीसारखं सरळ गुणून टाक, लसावि मांडत बसू नकोस. आणि एका छेदाला दुसऱ्याने भाग जात असेल, जसं ५/६ आणि १/१८, तर मोठा छेद हाच लसावि. फक्त एकच अपूर्णांक बदलायचा : १५/१८ + १/१८ = १६/१८, म्हणजे ८/९.

अदलाबदलीची ही युक्ती दोन अपूर्णांकांपुरतीच आहे, तीन आले की ती सोडून द्यायची. ते गणितही करून दाखवतो, कारण त्यात एक खास खड्डा आहे. १/६ + ३/१० + ४/१५. मुलं विचार करतात की ६, १० आणि १५ या तिघांनाही भाग जाईल अशी संख्या कोणती? दोनने पंधराला जात नाही, तिनाने दहाला जात नाही, पाचाने सहाला जात नाही. तिघांत समान काहीच नाही, मग गुणाकार करा : ६ × १० × १५ = ९००. पण दोघादोघांत समान आहे की! ६ आणि १० मध्ये २ समान, ६ आणि १५ मध्ये ३, १० आणि १५ मध्ये ५. मांडणीत तिघांपैकी निदान दोघांना भाग जात असेल तरी तो द्यायचा, आणि ज्याला जात नाही त्याला तसंच खाली उतरवायचं :

२ | ६, १०, १५
३ | ३, ५, १५
५ | १, ५, ५
. | १, १, १

लसावि २ × ३ × ५ = ३०. कुठे ९०० आणि कुठे ३०! आता अंश कशाने गुणायचा? लसाविला त्या त्या छेदाने भागायचं. ३० ÷ ६ = ५, ३० ÷ १० = ३, ३० ÷ १५ = २. म्हणून ५/३० + ९/३० + ८/३० = २२/३०, आणि दोनाने भागून ११/१५. भागून बघायची ही पद्धत दोन अपूर्णांकांनाही चालते, चारांनाही चालते. अदलाबदल विसरलीस तरी बिघडत नाही, एवढी लक्षात असली की पुरे.

पण इथे एक नवी अडचण दिसली असेल. लसावि घेऊनही २२/३० ला पुन्हा दोनाने भागावं लागलं! मग मघाशी २९/३६ ला का लागलं नाही? लसावि घेतला की उत्तर आपोआप संक्षिप्त येतं, असा समज बऱ्याच मुलांचा असतो, काही मोठ्यांचाही. तसं नाही. पण कुठे भाग जाऊ शकतो आणि कुठे जाणारच नाही, हे छेद बघून आधी ओळखता येतं.

१२ आणि १८ चे मूळ अवयव मांड. १२ = २ × २ × ३. १८ = २ × ३ × ३. दोन हा अवयव १२ कडे दोनदा आणि १८ कडे एकदाच आहे. म्हणून १८ वरच्या अंशाला दोनाने गुणावं लागलं, पण १२ वरच्याला दोनाने गुणलं नाही. एक अंश सम झाला, चौदा. दुसरा विषमच राहिला, पंधरा. सम आणि विषम यांची बेरीज विषम येते, तेव्हा २९ ला दोनाने भाग जाण्याचा प्रश्नच नाही. तिनाचंही तसंच. तीन १८ कडे दोनदा, १२ कडे एकदा. पंधराला तिनाने भाग जातो, चौदाला जात नाही, मग बेरजेलाही जाणार नाही. छत्तीसमध्ये दोन आणि तीन सोडून तिसरा मूळ अवयवच नाही. म्हणून २९/३६ तिथेच संपलं, आणखी तपासायची गरज नव्हती.

आता १/६ + ३/१० एवढंच घे. ६ = २ × ३, १० = २ × ५. इथे दोन दोघांकडे सारखाच, एकेकदा आहे. म्हणून कुणाच्याच अंशाला दोनाने गुणावं लागत नाही. पहिल्याला पाचाने, दुसऱ्याला तिनाने गुणायचं. अंश होतात ५ आणि ९, दोन्ही विषम. दोन विषमांची बेरीज सम येते, १४. तीसही सम. दोनाने भाग जाणारच : १४/३० = ७/१५.

थोडक्यात, जो मूळ अवयव दोन्ही छेदांत सारख्याच वेळा आला आहे, फक्त त्याच्याकडे बेरीज झाल्यावर लक्ष ठेवायचं. त्याने भाग जाईलच असं नाही, पण गेला तर त्यानेच जाईल. बाकीच्यांची काळजी नको. यात अट एकच : मूळचे दोन्ही अपूर्णांक संक्षिप्त असले पाहिजेत. ४/१२ + ७/१८ असं गणित आलं आणि तू थेट छत्तीसवर गेलीस, तर १२/३६ + १४/३६ = २६/३६ येईल आणि ते भागावं लागेल. आधी ४/१२ चं १/३ करून घेतलंस तर लसावि अठरावरच येतो : ६/१८ + ७/१८ = १३/१८. सुरुवातीला एक नजर टाकली की शेवटचं काम वाचतं.

वहीत करायला दोन बेरजा देतो. ३/१४ + ५/२१, आणि १/१४ + २/२१. दोन्हीकडे छेद तेच आहेत, तेव्हा मांडणी एकदाच करावी लागेल आणि तळाला पुन्हा २ आणि ३ च उरतील. सात हा अवयव दोन्ही छेदांत एकेकदा आहे, म्हणून बेरीज झाल्यावर सातावर लक्ष ठेव. एका बेरजेत सातने भाग जात नाही आणि उत्तर १९/४२ वर थांबतं. दुसऱ्या बेरजेत जातो आणि उत्तर येतं १/६.